तोतयाला दाता फळत नाही

रशियन परीकथांत एक करडा लांडगा आहे. पहिल्याच भेटीत तो नायकाचा घोडा फाडून खातो आणि मग उरलेली सगळी कथा त्याच नायकाला पाठीवर घेऊन धावत सुटतो. या लांडग्याला म्हणायचं काय? खलनायक म्हणावं तर त्याच्यावाचून नायकाचं पानही हलत नाही. मित्र म्हणावं तर घोडा कोणी खाल्ला? लोककथांचा अभ्यास करणारे बरीच वर्षं अशा प्रश्नांत अडकून पडत, कारण कथेत 'कोण आहे' यावरून ते कथांचे गट पाडत. लांडग्याची कथा प्राण्यांच्या गटात, राजपुत्राची जादूच्या गटात. मग लांडगा आणि राजपुत्र दोघंही असले की पंचाईत.

लेनिनग्राडचे व्लादिमीर प्रॉप यांनी हा प्रश्नच बदलला. कथेत कोण आहे हे बाजूला ठेवून, जो कोणी आहे तो कथेसाठी करतो काय, एवढंच त्यांनी विचारलं. हाताशी अलेक्सांदर अफानास्येव यांचा संग्रह होता. तो १८५५ ते १८६३ या काळात भागाभागांनी छापला गेला होता आणि त्यात सुमारे सहाशे रशियन कथा होत्या. प्रॉप यांनी त्यातल्या ओळीनं शंभर जादूच्या कथा घेतल्या आणि प्रत्येकीचा सांगाडा सोलून काढला. १९२८ साली त्यांचं छोटेखानी पुस्तक आलं. त्यात निष्कर्ष असा होता की या कथांमध्ये घडणाऱ्या महत्त्वाच्या गोष्टी ३१ प्रकारांत बसतात, आणि त्या घडवणाऱ्या भूमिका फक्त सात: खलनायक, दाता, साहाय्यक, हवी असलेली व्यक्ती (बहुधा राजकन्या, आणि तिच्यासोबत तिचा बाप), नायकाला कामगिरीवर धाडणारा, नायक आणि तोतया नायक.

सातांची यादी पाठ करून हाती फारसं लागत नाही. मला यातली खरी गंमत वाटते ती या भूमिका एकमेकींत कशा अडकवल्या आहेत ही. त्यातही दाता आणि तोतया ही जोडी. वरवर पाहता दोघांचा संबंध नाही. दाता कथेच्या पूर्वार्धात भेटतो, तोतया शेवटाकडे. पण एकाचं काम कळल्याशिवाय दुसऱ्याचं कळत नाही.

आधी 'काम' म्हणजे काय ते पक्कं करू. प्रॉप यांनीच एक उदाहरण दिलं आहे. एका कथेत नायकाला बापाकडून शंभर रूबल मिळतात आणि त्यातून तो एक शहाणं मांजर विकत घेतो, जे पुढे त्याच्या उपयोगी पडतं. दुसऱ्या कथेत पराक्रमाबद्दल नायकाला पैसे मिळतात आणि कथा संपते. हातात पैसे पडणं ही कृती दोन्हीकडे तीच. पण पहिल्या कथेत ती जादूचं साधन मिळण्याची पायरी आहे, दुसऱ्या कथेत ती बक्षीस आहे. म्हणजे कृतीचं नाव तिच्या रूपावरून ठरत नाही, ती कथेत कुठे येते आणि तिच्यातून पुढे काय निघतं यावरून ठरतं. भूमिकेचंही तेच. सरपंचपदावर आज एक माणूस असतो, उद्या दुसरा, आणि एकाच माणसाकडे सरपंचपदाबरोबर सोसायटीचं अध्यक्षपदही असू शकतं. कथेतल्या भूमिका अशा पदांसारख्या असतात. एक पात्र एकच भूमिका करील, दोन-तीनही करील, किंवा एकच भूमिका तीन-चार पात्रांत वाटली जाईल.

सावत्र आईनं रानात सोडलेल्या मुलीची कथा रशियात अनेक तऱ्हांनी सांगतात. एकीत तिला थंडीचा देव मोरोझ्को भेटतो, दुसरीत अस्वल, तिसरीत रानातला वेताळ, चौथीत घोडीचं नुसतं मुंडकं. पात्रं पाहिली तर चार वेगळ्या कथा. काम पाहिलं तर चौघंही मुलीची परीक्षा घेतात आणि ती उतरली की तिला काहीतरी देतात. चौघंही दाते.

दात्याच्या दोन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली म्हणजे तो फुकट देत नाही. त्या ३१ प्रकारच्या घटनांना प्रॉप 'कार्यं' म्हणतात आणि ती ठरलेल्या क्रमानं येतात. त्यांत बारावं, तेरावं आणि चौदावं अशी तीन कार्यं या भेटीसाठी राखलेली आहेत: दाता नायकाला पारखतो, नायक काहीतरी उत्तर देतो किंवा वागतो, आणि मग साधन हाती येतं. मधली पायरी गाळता येत नाही. मोरोझ्को मुलीला विचारतो, 'ऊब वाटतेय का गं, पोरी?' ती थंडीनं गारठलेली असते, तरी म्हणते, 'वाटतेय, बाबा.' तो थंडी आणखी वाढवतो, पुन्हा विचारतो, ती पुन्हा तेच सांगते. मग तो तिला फरचा कोट आणि दागिन्यांची पेटी देतो. दुसऱ्या दिवशी सावत्र आई आपली सख्खी लेक त्याच जागी बसवते. लेक मोरोझ्कोला शिव्या घालते आणि गोठून मरते.

दुसरी गोष्ट अशी की दात्याचं मन कसं आहे याच्याशी कथेला देणंघेणं नसतं. कोंबडीच्या पायांवर उभ्या झोपडीत राहणारी बाबायागा ही म्हातारी कधी नायकाला खाऊ-पिऊ घालून घोडा देते, कधी त्यालाच भट्टीत घालून भाजायला निघते. ती भाजायला निघाली आणि नायक तिला चकवून तिचाच घोडा घेऊन पळाला, तरी साधन तिच्याकडूनच आलं. तिनं दिलं की तिच्याकडून लाटलं, कथेच्या हिशेबात जागा तीच. म्हणूनच बाबायागा चांगली की वाईट हा वाद कधी मिटत नाही. तो मिटायचा असेल तर एकेका कथेत बघावं लागतं की तिच्याशी झालेल्या भेटीतून नायकाला पुढे काय मिळालं.

आता साहाय्यक. दाता देतो, साहाय्यक करतो. प्रॉप यांनी साहाय्यकाच्या पदरी पाच कामं घातली आहेत: नायकाला दूरच्या मुलखात नेणं, अडचण किंवा उणीव दूर करणं, पाठलागातून वाचवणं, कठीण कामगिरी पार पाडणं, आणि नायकाचं रूप पालटणं. यादी नीट पाहिली तर लक्षात येतं की नायकाला स्वतःला करायला फार थोडं उरतं. तो निघतो, दात्याला उत्तर देतो आणि शेवटी लग्न करतो. या कथांमधले नायक रडके किंवा झोपाळू वाटतात त्याचं कारण इथे आहे. कर्तबगारी साहाय्यकाकडे गेली आहे आणि नायकाकडे उरली आहे फक्त पात्रता. ती सिद्ध होते दात्यापाशी, बाकी सगळं तिथून आपोआप निघतं.

तोतयाची गरज नेमकी याच ठिकाणी उपजते. पण ते उघड्यावर बघण्यासाठी लांडग्याची कथा सबंध चालवून पाहायला हवी.

विस्लाव राजाच्या बागेत सोन्याची सफरचंदं लागतात आणि रोज रात्री एक अग्निपक्षी येऊन ती तोडून नेतो. राजाला तीन मुलगे: द्मित्री, वासिली आणि धाकटा इव्हान. पहिल्या रात्री थोरला राखणीला बसतो, झोपून जातो आणि सकाळी सांगतो, 'मी रात्रभर डोळ्याला डोळा लावला नाही, पक्षी काही आला नाही.' दुसऱ्या रात्री मधला तेच करतो, तेच सांगतो. तिसऱ्या रात्री इव्हान जागा राहतो. पक्षी निसटतो, पण शेपटीचं एक पीस त्याच्या मुठीत राहतं. ही नुसती प्रस्तावना वाटते. पण इथेच थोरल्या दोघांचं बीज पेरलं गेलं आहे: न केलेल्या कामाचा दावा. पुढे ते जे करतात त्याची ही लहान आवृत्ती.

पीस पाहून राजाला अख्खा पक्षी हवासा वाटतो. म्हणजे उणीव निर्माण झाली, आणि राजा धाडणारा झाला. थोरले दोघे निघतात, मागून हट्ट करून इव्हानही. वाटेत एक शिळा लागते. तिच्यावर लिहिलंय: सरळ जाशील तर उपाशी आणि गारठलेला राहशील, उजवीकडे जाशील तर तू वाचशील पण घोडा मरेल, डावीकडे जाशील तर तू मरशील पण घोडा वाचेल. इव्हान उजवीकडे वळतो. लांडगा येतो, घोडा फाडतो, नाहीसा होतो. इव्हान दिवसभर पायी चालतो, थकून बसतो. तेव्हा लांडगा परत येतो आणि म्हणतो, तुझी दया येते, बस माझ्या पाठीवर.

प्रॉप यांच्या पद्धतीनं वाचलं तर घोडा खाणं हा उलटा फिरवलेला दात्याचा प्रसंग आहे. परीक्षा शिळेवर लिहिलेली होती, इव्हाननं ती वाचून स्वीकारली आणि किंमत मोजली. त्या किमतीच्या बदल्यात साधन मिळालं, आणि ते साधन म्हणजे खुद्द लांडगा. घोडा गेला, त्याच्या जागी त्याहून चांगलं वाहन आलं. दाता आणि साहाय्यक या दोन भूमिका एकाच जनावरात उतरल्या आहेत, म्हणून तो आधी घेणारा आणि मग देणारा दिसतो. थोरले भाऊ कुठल्या वाटेनं गेले ते कथा सांगत नाही. लांडगा मात्र त्यांना भेटत नाही.

लांडगा इव्हानला दोल्मात राजाच्या वाड्यापाशी नेतो आणि बजावतो, पक्षी घे, पिंजऱ्याला हात लावू नकोस. इव्हानला सोन्याचा पिंजरा आवडतो, तो हात लावतो, त्याला जोडलेल्या तारा झणझणतात, पकडला जातो. दोल्मात म्हणतो, अफ्रोन राजाकडचा सोनेरी आयाळीचा घोडा आणून दे, मग पक्षी तुझा. लांडगा तिकडे नेतो आणि बजावतो, लगामाला हात लावू नकोस. इव्हान लावतो. अफ्रोन म्हणतो, सुंदर येलेना आणून दे, मग घोडा तुझा. तिसऱ्या खेपेला लांडगा इव्हानवर विसंबत नाही. तुम्ही-आम्हीही विसंबलो नसतो. तो स्वतः बागेत शिरून येलेनाला उचलून आणतो.

इथे भूमिकांची गुंफण चांगली दिसते. इव्हान मोह आवरत नाही, प्रत्येक चुकीतून नवा धाडणारा उभा राहतो आणि एक कामगिरी दुसरीच्या पोटात जाते: पक्ष्यासाठी घोडा, घोड्यासाठी येलेना. मग लांडगा उलट क्रमानं गाठी सोडवतो. तो येलेनाचं रूप घेऊन अफ्रोनकडे जातो, घोडा मिळवून देतो आणि निसटून येतो. मग घोड्याचं रूप घेऊन दोल्मातकडे जातो, पक्षी मिळवून देतो आणि पुन्हा निसटतो. इव्हानकडे तिन्ही राहतात. परीक्षेत तो दोनदा नापास झाला आहे, तरी साहाय्यक त्याला सोडून जात नाही. कारण दात्यापाशी तो एकदाच तपासला जायचा होता, आणि ते घोड्यापाशीच झालं. राजांनी लादलेल्या या कामगिऱ्या त्याची पात्रता ठरवत नाहीत. या कथांचा न्याय असाच असतो, नीतिकथेची अपेक्षा ठेवून वाचलं तर तो खटकतो.

परतताना लांडगा अगदी त्याच जागी थांबतो जिथे त्यानं घोडा खाल्ला होता. म्हणतो, इथे मी तुझा घोडा फाडला, इथवर तुला आणून सोडलं, आता मी तुझा चाकर नाही. हिशेब चुकता झाला. साहाय्यक बाजूला झाला रे झाला की पुढच्याच प्रसंगात तोतये येतात. इव्हान आणि येलेना राजधानी जवळ आल्यावर तंबू ठोकून झोपतात. रिकाम्या हातांनी परतणारे द्मित्री आणि वासिली तिथे पोचतात, झोपलेल्या इव्हानला मारतात, त्याचे तुकडे करतात आणि येलेनाला धमकावतात की, आम्हीच हे सगळं मिळवलं असं सांग. मग चिठ्ठ्या टाकतात: घोडा द्मित्रीला, येलेना वासिलीला.

आता बघा, तोतयापाशी काय आहे. पक्षी आहे, घोडा आहे, राजकन्या आहे. मिळवण्याजोगं सगळं त्याच्याकडे आहे. नाही ती फक्त मिळवण्याची हकिकत. प्रॉप यांनी तोतयाच्या भूमिकेला तीन कामं दिली आहेत: तोही नायकासारखा निघतो, दात्याला प्रतिसाद देतो, आणि शेवटी खोटा दावा करतो. यातल्या दुसऱ्या कामापुढे त्यांनी एक अट घातली आहे: हा प्रतिसाद नेहमी नकारात्मक असतो. म्हणजे तोतयाला दाता भेटलाच तर तो त्याच्याशी चुकीचं वागतो, मोरोझ्कोला शिव्या देणाऱ्या लेकीसारखा. नाहीतर लांडग्याच्या कथेसारखं, त्याची आणि दात्याची गाठच पडत नाही. नायक आणि तोतया दोघंही निघतात, दोघंही बक्षिसावर हक्क सांगतात. फरक फक्त मधल्या पट्ट्यात, दात्यापाशी. म्हणून दाता हा नुसता वस्तू पुरवणारा नव्हे, खरा आणि खोटा वेगळा करायची जागा तीच. आणि ती तशी आहे हे तोतया आल्यावरच कळतं.

पण कथेला आणखी एक अडचण सोडवावी लागते. दात्यापाशी काय घडलं ते फक्त नायकाला, दात्याला आणि ऐकणाऱ्याला ठाऊक आहे. राजाला नाही. मग राजापुढे खरं कसं ठरायचं? त्यासाठी कथा आधीपासून तजवीज करून ठेवते. प्रॉप यांच्या क्रमात सतराव्या जागी नायकावर खूण उमटते: जखम, कपाळावर शिक्का, राजकन्येनं दिलेली अंगठी किंवा रुमाल. त्या वेळी तिचा काहीच उपयोग दिसत नाही. ती लागते सत्ताविसाव्या जागी, ओळख पटवायला. मध्ये चोविसाव्या जागी तोतयाचा दावा बसतो. खुणेची जागा आणि ओळखीची जागा यांच्यामध्ये खोटं बोलायला मोकळा पट्टा ठेवलेला असतो, असं म्हणता येईल. ग्रिम बंधूंच्या संग्रहातल्या दोन भावांच्या कथेत हे फार स्वच्छ दिसतं. नायक ड्रॅगनची सात मुंडकी तोडतो, पण जिभा कापून रुमालात बांधून ठेवतो. राजाचा सरदार मुंडकी पुढे करून म्हणतो, मीच मारला. सगळे मान्य करतात. मग नायक विचारतो, या मुंडक्यांतल्या जिभा कुठे आहेत?

लांडग्याच्या कथेत जिभांचं काम येलेना करते. इव्हान तीस दिवस मरून पडलेला असतो. लांडगा त्याला शोधून काढतो आणि एका डोमकावळ्याचं पिल्लू धरतो. बापाला सांगतो, मरणाचं पाणी आणि जिवंतपणाचं पाणी आणून दे, तरच हे सोडतो. तिसऱ्या दिवशी पाणी येतं. लांडगा आधी पिल्लाचेच दोन तुकडे करून पाहतो: मरणाच्या पाण्यानं तुकडे जुळतात, जिवंतपणाच्या पाण्यानं पिल्लू उडून जातं. खात्री झाल्यावर इव्हानवर तोच प्रयोग. इव्हान डोळे चोळत म्हणतो, किती वेळ झोपलो मी! लांडगा म्हणतो, मी नसतो तर कायमचाच झोपला असतास. त्याच दिवशी वाड्यात वासिली आणि येलेनाचं लग्न चाललेलं असतं. इव्हान आत येतो, येलेना ताटावरून उठून त्याला मिठी मारते आणि सगळं सांगून टाकते. राजा थोरल्या दोघांना अंधारकोठडीत टाकतो.

हवी असलेली व्यक्ती म्हणून येलेना आतापर्यंत उचलून नेण्याची वस्तू वाटत होती. प्रॉप यांच्या यादीत मात्र राजकन्या आणि तिचा बाप यांच्या पदरी अवघड काम सांगणं, खूण करणं, खोट्याला उघडं पाडणं, खऱ्याला ओळखणं आणि शिक्षा करणं एवढी कामं आहेत. म्हणजे न्यायनिवाडा त्यांच्याकडे. दाता पात्रता ठरवतो, राजकन्या ती जाहीर करते. दोघांच्या मधल्या अंतरात तोतयाला वाव मिळतो. सातही भूमिका या एका रेषेवर लागतात: कोणीतरी बिघडवतो किंवा काही कमी पडतं, धाडणारा नायकाला पाठवतो, दाता त्याला पारखून साधन देतो, साहाय्यक काम करतो, तोतया श्रेय पळवतो, राजकन्या ते परत मिळवून देते. मधली एक भूमिका काढून टाकली तर शेजारच्या दोन अधांतरी लोंबकळतात. दात्याशिवाय साहाय्यक कुठून आला ते सांगता येत नाही. तोतयाशिवाय ओळखीच्या खुणेला काही अर्थ उरत नाही, आणि मग सांगणारे लोक ती खूण हळूहळू गाळून टाकतात.

हे सगळं इतकं सुबक वाटतं की कुठल्याही कथेवर लावून पाहायचा मोह होतो. इथे जपायला हवं. प्रॉप यांनी पुस्तकाचं नाव मुळात 'जादूच्या कथेची रचना' असं ठेवलं होतं. प्रकाशकाच्या संपादकानं ते अधिक आकर्षक करायला 'जादूच्या' हा शब्द गाळला. त्यामुळे वाचकांचा समज झाला की हा सिद्धान्त सगळ्याच लोककथांना लागू आहे, आणि तो गैरसमज प्रॉप यांना पुढे खोडत बसावं लागलं. १९५८ साली पुस्तक इंग्रजीत आलं आणि जगभर पसरलं. दोनच वर्षांनी मानववंशशास्त्रज्ञ क्लोद लेवी-स्त्रोस यांनी त्यावर मोठी टीका केली. त्यांचं म्हणणं असं की नुसती चौकट उरवून मजकूर फेकून दिला तर झाडाला सफरचंद लागलं की आलुबुखार, याला काही अर्थच राहत नाही, आणि खरा अर्थ अनेकदा तिथेच दडलेला असतो. या टीकेत तथ्य आहे असं मला वाटतं. लांडग्याच्या जागी गरुड ठेवला तर सांगाडा तोच राहील, पण घोडा खाणारा आणि घोड्याच्या जागी स्वतः उभा राहणारा दाता मिळणार नाही. मग अमेरिकेत ॲलन डंडिस यांनी १९६४ साली उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासींच्या कथांवर ही पद्धत वापरली, तेव्हा त्यांना प्रॉप यांचा लांबलचक क्रम पुष्कळ आखडून घ्यावा लागला. तिथल्या कितीतरी कथा उणीव आणि तिची पूर्तता या दोनच पायऱ्यांवर उभ्या असतात.

मराठीत या चौकटीची कसोटी बघायची तर श्रावणातल्या कहाण्या हाताशी आहेत. आदितवारची राणूबाईची कहाणी घ्या. आटपाट नगरातला गरीब ब्राह्मण रानात समिधा आणायला जातो, तिथे नागकन्या-देवकन्या वसा वसत असतात. तो विचारतो, कोणाचा वसा? त्या म्हणतात, 'तुला रे वसा कशाला हवा? उतशील, मातशील, घेतला वसा टाकून देशील.' तो म्हणतो, 'उतत नाही, मातत नाही, घेतला वसा टाकीत नाही.' बारावं, तेरावं, चौदावं कार्य, एवढं नेटकं की प्रॉप यांना टाचण करायला आवडलं असतं. पारख, प्रतिसाद, देणगी. फक्त इथली पारख आधी होते तशी नंतरही चालूच राहते, कारण देणगी ही अट म्हणूनच दिली आहे.

पुढे ब्राह्मणाच्या दोन लेकी, एक राजाच्या घरी, एक प्रधानाच्या. बाप भेटीला जातो आणि म्हणतो, माझी कहाणी ऐक. राजाघरची म्हणते, मला वेळ नाही, राजा पारधीला जायचाय. प्रधानाघरची मन लावून ऐकते. पहिलीचं सगळं जातं, दुसरीचं राहतं. इथे दात्याला नकारात्मक प्रतिसाद देणारी व्यक्ती आहे, म्हणजे तोतयाच्या तीन कामांपैकी मधलं काम आहे. पण पहिलं आणि तिसरं नाही. ती नायिकेच्या मागोमाग कामगिरीवर निघत नाही आणि बहिणीचं भाग्य माझंच आहे असा दावाही करत नाही. तोतया पूर्ण उभाच राहत नाही.

कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. तोतयाला लागतं असं जग जिथे खरं माहीत असणारा आणि निवाडा करणारा हे दोन वेगळे असतात. विस्लाव राजाला काही माहीत नाही म्हणून द्मित्रीचं फावतं. कहाणीत सूर्यनारायण दाताही आहे आणि न्यायाधीशही. गरीब झालेल्या लेकीचा मुलगा मावशीकडून होनमोहरांनी भरलेला कोहळा घेऊन निघतो, तर सूर्यनारायण माळ्याच्या वेषात वाटेतच तो काढून घेतो. त्याच्यासमोर कोण कसली बतावणी करणार? नुकसान करण्याचं, एरवी खलनायकाकडे असणारं कामही इथे दात्याकडेच आलं आहे, आणि त्याला नुकसान म्हणायचं की उरलेली परीक्षा, हे चौकट सांगत नाही. शेवटी ती लेक स्वतः बहिणीकडे येते, कहाणी ऐकते आणि तिचं सगळं परत मिळतं. म्हणजे नापास झालेल्यालाही पुन्हा बसायला मिळतं. मोरोझ्कोपुढे बसलेल्या लेकीला ती सोय नव्हती.